बारा भाषा, पण साक्षी किती?

एका संशोधनपत्रिकेच्या संपादकांनी मध्यंतरी आमच्याकडे एक निबंध परीक्षणासाठी पाठवला. आम्हां दोघांपैकी एक जळगावला शिकवतो, दुसरा धुळ्याला. संपादकांच्या संमतीने अहवाल एकत्र लिहिला. निबंधलेखकाची ओळख पटेल असे काही येथे सांगणार नाही. दावा मात्र सांगावाच लागेल: ज्या भाषेत कर्म क्रियापदाआधी येते, त्या भाषेत विशेषणही नामाआधीच येते, आणि हा मानवी भाषेचा सार्वत्रिक नियम होय. 'शेतकरी काळी गाय विकतो' या वाक्यात दोन्ही गोष्टी दिसतात. पुराव्याला भाषा बारा: मराठी, अहिराणी, गुजराती, हिंदी, मारवाडी, पंजाबी, कन्नड, तेलुगू, गोंडी, कोरकू, तुर्की आणि जपानी.

असा निबंध नाकारणे दोन ओळींचे काम आहे. 'नमुना लहान आहे, वाढवावा' एवढे लिहिले की परीक्षक मोकळा. पण या शेऱ्याने लेखकाला काहीच कळत नाही. तो उद्या सिंधी, बंगाली, तमिळ आणि मल्याळम यांची भर घालील, संख्या सोळा होईल आणि चूक जागच्या जागी राहील. जोसेफ ग्रीनबर्ग यांनी 1963 साली पदक्रमाविषयी मांडलेले नियमही तीसच भाषांवर बेतलेले होते. निवड सोयीने केलेली आहे, हे त्यांनी स्वतःच नोंदवले होते. तरी त्या तिसांत योरुबा होती, माओरी होती, केचुआ होती, हिंदी आणि कन्नडही होत्या. तेव्हा प्रश्न संख्येपेक्षा अधिक स्वतंत्र साक्षींचा आहे.

म्हणून अहवालात आम्ही प्रथम साक्षी मोजल्या. मराठीपासून पंजाबीपर्यंतच्या सहा भाषा एकाच भारतीय-आर्य कुळातल्या. हा क्रम त्यांच्याकडे समाईक वारशातून आलेला असू शकतो. कन्नड, तेलुगू, गोंडी या तिन्ही द्राविडी. येथे अहिराणीचा मुद्दा आम्हांला जरा नाजूक वाटला. ग्रिअर्सन यांनी 'लिंग्विस्टिक सर्व्हे'मध्ये खानदेशीला मराठीच्या खंडात न घेता भिल्ल भाषांबरोबर, 1907 च्या खंडात, स्थान दिले होते. तिला स्वतंत्र भाषा म्हणण्यात आम्हांला आनंदच आहे. पण म्हणून ती मराठी-गुजरातीहून वेगळा साक्षीदार ठरत नाही.

उरली कोरकू. ती मुंडा गटातली, म्हणजे ऑस्ट्रो-आशियाई कुळातली, म्हणून लेखकाने तिच्यावर बरीच भिस्त ठेवली आहे. परंतु याच कुळातली कंबोडियाची ख्मेर भाषा पाहा: तेथे क्रियापद कर्माआधी येते आणि विशेषण नामानंतर. कोरकूचा क्रम भारतातल्या सहवासातून घडला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. एमेनो यांनी 1956 साली भारताला एक भाषिक क्षेत्र म्हटले ते अशाच देवघेवीमुळे. म्हणजे लेखकाच्या दहा भारतीय भाषा मिळून फार तर तीन साक्षी, आणि त्या तिघी एकमेकींच्या शेजारणी. तुर्की आणि जपानी दूरच्या खऱ्या, पण त्याही याच विशाल भूखंडावरच्या.

यानंतर आम्ही प्रतिउदाहरणे दिली. तिबेटीत क्रियापद शेवटी येते, तरी 'मोठे घर' म्हणायला 'खङपा छेनपो' म्हणतात. खङपा म्हणजे घर, छेनपो म्हणजे मोठे. बास्कमध्येही असेच, आणि बास्क तर ग्रीनबर्ग यांच्या तिसांतच होती. मॅथ्यू ड्रायर यांनी 1988 साली हा समज युरेशियातल्या भाषांच्या दाटीमुळे निर्माण झाल्याचे दाखवून दिले. पुढे जागतिक भाषारचना-नकाशासाठी त्यांनी केलेल्या मोजणीत कर्म आधी येणाऱ्या भाषांपैकी 332 भाषांत विशेषण नामानंतर आढळते, तर 216 भाषांत आधी. लेखकाचा नियम नुसता अपुरा नाही, जगाचा कल उलट आहे.

ड्रायर यांची रीत आम्ही अहवालात थोडी उलगडून लिहिली. ते सुटी भाषा मोजत नाहीत, जवळच्या भाषांचा गट एक धरतात. मग जगाचे सहा मोठे विभाग पाडून प्रत्येकात गट मोजतात. कल सहाही विभागांत तोच दिसला, तरच त्याला सार्वत्रिक म्हणण्याला आधार मिळतो. लेखकाची सामग्री या कसोटीवर लावली तर पहिल्याच विभागात थांबते.

एक खटकलेली गोष्ट वेगळी लिहिली. कोरकूची वाक्ये हिंदी वाक्ये सांगून भाषांतर करवून घेतलेली दिसतात. अशा वेळी बोलणारा हिंदीचा क्रम नकळत उचलतो. पदक्रमाच्या अभ्यासात तर हे घातकच. सांगितलेल्या गोष्टी किंवा आपसातले बोलणे ध्वनिमुद्रित करून त्यातून वाक्ये घ्यावीत, असे सुचवले.

शिफारस 'अस्वीकृत' अशी केली नाही, याबद्दल आमच्यातच दोन दिवस वाद झाला. लेखक नवा आहे आणि प्रकाशित निबंधांवर नोकरीतली पायरी ठरते, हे कारण आम्ही विचारात घ्यायचे नाही असे ठरवले. घेतले असते तर परीक्षणाला अर्थ उरला नसता. पण अहिराणी आणि गोंडीची त्याने गोळा केलेली वाक्ये नीट, संदर्भासह नोंदलेली आहेत आणि ती वाया जाऊ नयेत. म्हणून 'मोठ्या फेरबदलांनंतर पुनर्विचार' असे लिहिले: शीर्षकातला 'सार्वत्रिक' शब्द काढावा, तुर्की-जपानी वगळाव्यात, आणि तीन कुळांच्या भाषा एकत्र नांदताना पदक्रम कसा सारखा होत जातो, हा प्रश्न तापी ते मेळघाट या पट्ट्यापुरता मांडावा. कोरकूची वाक्ये पुन्हा गोळा करायला एक हंगाम लागेल. तेवढी मुदत द्यावी, अशी विनंती संपादकांना केली आहे.