'लोकल वॉरंटी नाही' एवढ्यावर भागत नाही

जाहिरातीतली ओळ ओळखीची आहे. 'इम्पोर्टेड ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, ५ लिटर, अमेरिकन बनावट, सीलपॅक, लोकल वॉरंटी नाही.' खाली किंमत आणि मोबाइल क्रमांक. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत परदेशातून अशी यंत्रे मोठ्या संख्येने आली. नातेवाइकांनी पाठवली, संस्थांनी मागवली, व्यापाऱ्यांनीही आणली. लाट ओसरली, तरी सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका आणि फुप्फुसे कायमची खराब झालेले रुग्ण आहेतच. त्यांतल्या काहींना रोज किमान १५ तास ऑक्सिजन घ्यावा लागतो. वॉरंटी असलेले यंत्र परवडत नाही म्हणून घरचे लोक अशा जाहिरातीकडे वळतात.

वॉरंटीशिवाय वस्तू विकणे हा गुन्हा नव्हे. स्वस्त मिळते म्हणून ग्राहक जोखीम उचलतो आणि ती उचलण्याचा त्याला हक्क आहे. पण कोणती जोखीम, हे त्याला कळायला हवे. 'वॉरंटी नाही' या दोन शब्दांवरून यंत्र बिघडले तर काय, एवढेच समजते. न बिघडलेले, आजच खोक्यातून काढलेले यंत्र आपल्या घरच्या विजेवर नीट चालेल का, याचे उत्तर त्यात नसते. रुग्णाच्या दृष्टीने तोच प्रश्न पहिला आहे.

यंत्राच्या मागे एक छोटी पट्टी असते. तिच्यावर ते कोणत्या विजेसाठी बनले आहे ते लिहिलेले असते. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची वीज येते. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची. झोपेत श्वास अडकणाऱ्यांसाठी जे सीपॅप यंत्र वापरतात, त्याच्या अ‍ॅडॉप्टरवर बहुतेक वेळा '१०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असे असते. ते कुठेही चालते, फक्त पिन बदलावी लागते. हा अनुभव असलेला माणूस ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरलाही तेच लावतो आणि तिथे फसतो. अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेल्या कॉन्सन्ट्रेटरच्या पट्टीवर सहसा '११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ' एवढेच असते. मधली जागा नाही, तिरपी रेघ नाही.

आता पिन. अमेरिकन पिना चपट्या, आपल्या गोल. दीडदोनशे रुपयांचा युनिव्हर्सल अ‍ॅडॉप्टर आणला की यंत्र भिंतीला लागते. खरे तर पिन न बसणे हे या यंत्राचे शेवटचे संरक्षण असते आणि अ‍ॅडॉप्टर तेच काढून टाकतो. तो फक्त आकार बदलतो, व्होल्ट नाही. ११५ व्होल्टचे यंत्र थेट २३० वर लावले तर नशीब चांगले असल्यास फ्यूज उडतो. नसल्यास आतले सर्किट किंवा मोटर जळते. शिवाय अशा अ‍ॅडॉप्टरमध्ये पिना ढिल्या बसतात, तापतात, कधी ठिणगी पडते. ज्या खोलीत ऑक्सिजनची नळी पसरलेली आहे, पांघरुणात ऑक्सिजन मुरलेला आहे, तिथे ठिणगी ही साधी गोष्ट राहत नाही.

जाणकार विक्रेता यावर सांगतो, 'स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा, काही होत नाही.' अर्धी गोष्ट खरी आहे. ट्रान्सफॉर्मर २३० चे ११५ व्होल्ट करतो. मात्र हर्ट्झला तो हात लावत नाही. ५० चे ५०च राहतात. नेमकी इथेच गोम आहे.

कॉन्सन्ट्रेटर ऑक्सिजन तयार करत नाही, हवेतून वेगळा काढतो. कॉम्प्रेसर खोलीतली हवा दाबून झिओलाइटच्या खड्यांनी भरलेल्या दोन नळकांड्यांतून आळीपाळीने सोडतो. खडे नायट्रोजन धरून ठेवतात, ऑक्सिजन पुढे जातो. नीट चाललेल्या यंत्रातून साधारण ९० ते ९६ टक्के ऑक्सिजन मिळतो. हे सारे कॉम्प्रेसरने किती हवा ढकलली यावर अवलंबून आहे आणि अशा जुन्या पद्धतीच्या कॉम्प्रेसरच्या मोटरचा वेग हर्ट्झवर ठरतो. ६० हर्ट्झवर मिनिटाला १७५०च्या आसपास फेरे घेणारी मोटर ५० हर्ट्झवर १४५०च्या आसपास येते. म्हणजे हवा सुमारे सहाव्या हिश्शाने कमी. तेवढ्याच व्होल्टवर हर्ट्झ कमी झाले की मोटर जास्त तापते. त्यात थंड करणारा पंखाही तशाच मोटरवर असला तर तोही मंदावतो. यंत्र चालू असते, आवाज करते, बुडबुडे येतात. घरच्यांना सगळे ठीक वाटते.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. संगमनेरकडचे ६८ वर्षांचे गृहस्थ, सीओपीडीचा अ‍ॅटॅक आवरल्यावर घरी सोडलेले. डिस्चार्ज कार्डावर लिहिले आहे: ऑक्सिजन २ लिटर, बोटावरच्या यंत्रात ८८ ते ९२ दिसायला हवेत. मुलाने असेच एक यंत्र ट्रान्सफॉर्मरसह आणले. पहिले काही दिवस २ लिटरवर बरे गेले, कारण कमी प्रवाहाला कमी झालेली हवाही पुरते. मग सर्दी झाली, आकडा ८५ वर आला. मुलाने ३ केले, मग ५. काचेच्या नळीतला गोळा पाचवर गेला, आकडा मात्र फारसा हलला नाही.

असे का होते, याचा हिशेब सोपा आहे. गोळा प्रवाह दाखवतो, शुद्धता नाही. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतोच. रुग्णाला फायदा होतो तो त्यावरच्या भरीचा. समजा, या यंत्रातून ३ लिटरवर ९२ टक्के ऑक्सिजन येत होता. भर झाली ७१ टक्के, म्हणजे मिनिटाला २.१ लिटर. कॉम्प्रेसरची ताकद तिथेच संपली, म्हणून ५ लिटरवर शुद्धता ६४ टक्क्यांवर घसरली. भर ४३ टक्के, म्हणजे पुन्हा मिनिटाला २.१ लिटरच. बटण पुढे सरकले, ऑक्सिजन होता तिथेच राहिला.

याहून वाईट वळण पुढे येते. रात्री वीज गेली आणि घरच्यांनी शेजारच्या गावातून सिलिंडर आणला. 'पाचवर होते' म्हणून सिलिंडरही पाचवर लावला. सिलिंडरमधला ऑक्सिजन मात्र जवळजवळ शुद्ध. सीओपीडीच्या काही रुग्णांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळाला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. आधी डोके दुखते, मग गुंगी येते. आकडा ९८ दिसतो म्हणून घरचे निश्चिंत असतात आणि माणूस झोपलाय असे समजून त्याला उठवत नाहीत. रुग्णालयात आणल्यावर 'किती लिटर चालू होता?' असे विचारले की उत्तर मिळते, 'पाच.' तो पाच म्हणजे काय होता, हे सांगणारा कागद कुणाकडेच नसतो.

ही घसरण घरी ओळखता येते का? काही यंत्रांत शुद्धता मोजणारा सेन्सर असतो. ऑक्सिजन साधारण ८२ ते ८५ टक्क्यांखाली गेला की पिवळा किंवा लाल दिवा लागतो. पण बऱ्याच स्वस्त मॉडेलांत फक्त दाबाचा आणि वीज गेल्याचा अलार्म असतो. तेव्हा खात्रीचा मार्ग एकच. हातात धरायच्या ऑक्सिजन अ‍ॅनालायझरने यंत्राच्या तोंडाशी मोजायचे. तेही यंत्र १५ मिनिटे चालू ठेवून, आपल्याच ५० हर्ट्झच्या विजेवर आणि प्रत्येक लिटरला वेगळे. भाड्याने कॉन्सन्ट्रेटर देणाऱ्यांकडे हे उपकरण असते. दुकानात यंत्र 'चालवून दाखवले' याचा अर्थ ते आवाज करते, एवढाच.

म्हणून विक्रेत्याने लिहून द्यायचे ते असे काहीसे असावे: 'हे यंत्र ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी बनलेले आहे. पिन अमेरिकन, चपटी. सोबत १००० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर देत आहोत; हेअर ड्रायरसाठी मिळणारा हलका कन्व्हर्टर चालणार नाही. ५० हर्ट्झवर आम्ही मोजलेली शुद्धता २ लिटरला इतकी, ३ ला इतकी, ५ ला इतकी. मोजल्याची तारीख अमुक. ३ लिटरच्या वर वापरू नये. कंपनीचे भारतातले सर्व्हिस सेंटर हे यंत्र घेणार नाही. फिल्टर आम्ही वर्षभर पुरवू. कॉम्प्रेसर किंवा झिओलाइटची नळकांडी गेली तर दुरुस्ती होणार नाही. सात दिवसांत शुद्धता वरच्या आकड्यांपेक्षा कमी भरली तर यंत्र परत घेऊन पैसे देऊ.' ट्रान्सफॉर्मर एवढा मोठा का, तर साधारण ३५० वॉटची मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट वीज ओढते.

झिओलाइटचा उल्लेख उगाच नाही. हे खडे ओलावा ओढतात. महिनोन्‌महिने गोदामात बंद पडून राहिलेल्या यंत्राचे खडे दमट हवेने निकामी होऊ शकतात, मग खोके सीलपॅक असो वा नसो. कोकणातल्या पावसाळ्यात एका कोपऱ्यात पडून राहिलेले यंत्र तर मोजल्याशिवाय रुग्णाला लावूच नये.

असा कागद द्यायला विक्रेते कचरतात, कारण त्यांना वाटते की लिहिले की अडकलो. कायदा उलट दिशेने जातो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूच्या जबाबदारीचे स्वतंत्र प्रकरण आहे. उत्पादक परदेशात असून त्याच्यापर्यंत आपला कायदा पोहोचत नसेल, तर ती जबाबदारी विकणाऱ्यावर येऊ शकते. उत्पादकाच्या सूचना आणि धोक्याचे इशारे ग्राहकापर्यंत न पोहोचवणे हेही त्यात येते. म्हणजे पट्टीवरचे '६० हर्ट्झ' सांगितलेच नाही, तर 'वॉरंटी नाही' ही ओळ ढाल म्हणून फार काळ टिकणार नाही. वडील गेल्यावर त्यांचे यंत्र विकणाऱ्या शेजाऱ्याला हे लागू होत नाही, तो व्यापारी नव्हे. पण यंत्र किती तास चालले याचे मीटर बहुतेक कॉन्सन्ट्रेटरवर असते. तो आकडा आणि मागच्या पट्टीचा फोटो पाठवायला त्यालाही काही खर्च नाही.

चीनमधून आलेली २२० व्होल्ट, ५० हर्ट्झची यंत्रे या बाबतीत सोपी. त्यांची फक्त पिन वेगळी असते, तिरप्या चपट्या पात्यांची. ती इलेक्ट्रिशियनकडून कापून चांगली तीन पिनांची बसवून घेतली की झाले; लोंबकळता अ‍ॅडॉप्टर नको. शुद्धता मात्र तिथेही मोजायचीच. आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन तपासणीला येताना यंत्राच्या पट्टीचा फोटो आणि मोजलेले आकडे सोबत आणावेत, म्हणजे कार्डावर किती लिटर लिहायचे ते डॉक्टरला त्या यंत्रापुरते ठरवता येते.