जे पाहिलं तेवढंच शपथेवर

धामापूरचा तलाव 1530 सालचा. 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला, तेव्हा ते साल सगळ्यांच्या तोंडी झालं. पण तलावाखाली वायंगणी शेती करणाऱ्या बाईने उद्या प्रतिज्ञापत्रात ‘हा तलाव 1530 पासून आहे’ असं लिहिलं, तर उलटतपासात पहिलाच प्रश्न येईल, तुम्हाला कसं माहीत? गोष्ट खरी असली तरी ती तिच्या स्वतःच्या माहितीतली नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 19, नियम 3 याबाबतीत स्पष्ट आहे. शपथ घेणाऱ्याने स्वतःच्या माहितीतून जे शाबीत करता येईल, तेवढंच लिहायचं. ऐकीव मजकूर आणि युक्तिवाद विनाकारण भरला, तर त्या प्रतिज्ञापत्राचा खर्चही ते दाखल करणाऱ्याच्याच अंगावर पडतो.

समजा, याच बाईच्या शेताच्या वहिवाटीच्या वाटेवर शेजाऱ्याने चिऱ्यांचा गडगा घातला. मामलेदार कोर्ट कायदा, 1906 च्या कलम 5 खाली ती तहसीलदाराकडे दाद मागू शकते, मात्र कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत. तिच्यासाठी तयार होऊन येणारा मजकूर बहुधा असा असतो: ‘सामनेवाले यांनी माझ्या एकटेपणाचा गैरफायदा घेऊन, दांडगाईने व बेकायदेशीरपणे, बऱ्याच दिवसांपासून माझी पूर्वापार वहिवाटीची वाट बंद केली आहे.’

वाक्य जोरकस आहे, पण तहसीलदाराच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. ‘बेकायदेशीर’ हे त्याने ठरवायचं. ‘गैरफायदा’ हा शेजाऱ्याच्या मनातला हेतू, तो तिने पाहिलेला नाही. सगळ्यांत घातक आहे ते ‘बऱ्याच दिवसांपासून’, कारण त्यामुळे सहा महिन्यांची मुदतच संशयात सापडते. शिवाय सगळं एकाच वाक्यात कोंबल्यामुळे समोरच्याचं काम सोपं होतं. ‘परिच्छेद 3 मधील मजकूर खोटा असून कबूल नाही’ एवढं लिहून तो मोकळा होतो.

म्हणून आधी तिला बोलतं करावं लागतं. ‘गडगो घालताना तुमी बघलात काय?’ ‘नाय, माका झिलान सांगल्यान.’ इथे थांबायचं. गडगा घालताना मुलाने पाहिला असेल, तर त्याने स्वतःचं वेगळं प्रतिज्ञापत्र करावं. तिचं असं होईल:

3. मी 1991 साली लग्न होऊन या गावात आले. तेव्हापासून मी याच वाटेने शेतात जाते.

4. दि. 11 जानेवारी रोजी सायंकाळी मी याच वाटेने घरी आले. तेव्हा वाटेवर गडगा नव्हता.

5. दि. 12 जानेवारी रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास मी शेताकडे निघाले, तेव्हा वाटेवर चिऱ्यांचे चार थर रचलेले मी पाहिले. मला पुढे जाता आले नाही.

गडगा कोणी घातला हे यात नाही, पण तो कधी आला हे दोन वेळा पाहिलेल्या गोष्टींतून पक्कं झालं. ‘पूर्वापार’ जाऊन 1991 आलं, आणि ते साल ती उलटतपासात सहज सांगू शकते. आता शेजाऱ्याला तीन वेगळ्या गोष्टींना तीन वेगळी उत्तरं द्यावी लागतील. चौथा परिच्छेद नाकारायचा तर ‘गडगा आधीपासूनच होता’ असं त्याला शपथेवर म्हणावं लागेल. मग तो केव्हापासून होता, हा प्रश्न त्याच्यापुढे येतो.

माझा खरा राग आहे तो शेवटच्या ओळीवर: ‘वरील सर्व मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा आहे.’ ही ओळ वर्षानुवर्षं एका प्रतिज्ञापत्रातून दुसऱ्यात उतरवली जाते. 1952 मध्ये मुंबई राज्य विरुद्ध पुरुषोत्तम जोग नाईक या स्थानबद्धतेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी सचिवाच्या प्रतिज्ञापत्रातल्या याच प्रकारच्या ढिसाळपणावर बोट ठेवलं. काही गोष्टी सचिवाला स्वतःला माहीत होत्या, पण पडताळणीत सगळंच माहिती आणि समजुतीवर ढकललेलं होतं. अशा पडताळणीमुळे एखादं प्रतिज्ञापत्र नाकारलंही जाऊ शकतं, असं न्यायालयाने बजावलं. इतक्या वर्षांनीही ती ओळ तशीच आहे.

परिच्छेदांना आकडे असतात ते इथेही कामाला येतात. ‘परिच्छेद 1 ते 5 मधील मजकूर माझ्या स्वतःच्या माहितीतील आहे. परिच्छेद 6 मधील मजकूर सोबत जोडलेल्या फेरफार उताऱ्यावरून लिहिला आहे.’ तूर्तातूर्त मनाईच्या अर्जात समजुतीने लिहिलेलंही चालू शकतं, पण ती समजूत कशावरून झाली हे तिथेच सांगावं लागतं. ‘माझी अशी समजूत आहे’ एवढ्यावर भागत नाही.

दांडगाई, अन्याय, एकटेपणा हे सगळं वकिलाने युक्तिवादात मांडावं, जागा तिथे आहे. सहीपूर्वी मात्र मसुदा तिला मालवणीत, एकेक परिच्छेद वाचून दाखवावा. ज्या वाक्याला ती ‘ह्या मी खंय सांगलंय?’ म्हणेल, ते वाक्य तिच्यासमोरच खोडावं.