नोकरी मागू नका, एक उत्तर मागा

आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा संध्याकाळी घरी आला आणि मोबाईल पुढे करून म्हणाला, "चाचा, अडतीस कंपन्यांना मेल टाकले. एकाचंही उत्तर नाही. वशिल्याशिवाय काही होत नाही, हेच खरं."

मुलगा डिप्लोमा मेकॅनिकल. भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात दीड वर्षापासून ठेकेदारामार्फत कामाला. सीएमएम नावाचं मोजमापाचं मशीन चालवतो, तयार झालेले शाफ्ट नकाशाप्रमाणे आहेत की नाहीत ते तपासतो. कामात हुशार. मी स्वतः क्वालिटी विभागात बरीच वर्षं काढली आहेत. असे मेल मलाही यायचे, आणि खरं सांगायचं तर त्यातले बहुतेक मी पूर्ण वाचत नसे. म्हणून त्याला म्हटलं, तू काय लिहिलंस ते आधी दाखव.

मेलची सुरुवात 'आदरणीय महोदय'ने होती. पुढे घरची परिस्थिती बेताची आहे, वडील आजारी असतात, मी कष्टाळू आणि प्रामाणिक आहे, कोणत्याही विभागात कोणतंही काम चालेल. आपल्याकडे जागा नसेल तर दुसरीकडे कुठे असल्यास कळवावं, मार्गदर्शन करावं, एकदा भेटीची वेळ द्यावी. खाली सहा फायली : गुणपत्रिका, दाखले, आधार कार्डाचा फोटो. पत्ता कुठला, तर वेबसाईटवरचा `info@` किंवा `hr@`, आणि अडतीसही कंपन्यांना एकाच वेळी बीसीसी करून पाठवलेला.

यात खोटं काही नव्हतं. पण हा मेल उघडणाऱ्या माणसाने नेमकं काय करायचं, हेच त्यात नव्हतं. कोणतंही काम चालेल असं म्हटलं की कोणतं काम द्यायचं हे शोधण्याचा भार वाचणाऱ्यावर पडतो. नोकरी, मार्गदर्शन, भेट आणि दुसऱ्या कंपनीचा पत्ता, अशा चार गोष्टी एकदम मागितल्या की एकीचंही उत्तर येत नाही. 'नंतर बघू' म्हणून माणूस मेल बंद करतो, आणि ते नंतर कधीच येत नाही.

माझं मत असं आहे की ही चूक एकट्या मुलाची नाही. शाळेपासून आपण 'अर्ज' लिहायला शिकलो ते विनंती, कृपा आणि आज्ञाधारक या शब्दांत. त्यात गरजू माणूस आणि देणारा साहेब असं नातं आधीच ठरलेलं असतं. जाहिरात न आलेल्या जागेसाठी लिहिताना हे नातं उपयोगाचं नाही. तिथे कुणी अर्ज मागवलेलाच नसतो. तिथे आपण एका कामाच्या माणसाला कामाबद्दल एक प्रश्न विचारत असतो.

मग मी त्याला विचारलं, यातल्या कुठल्या कंपनीत खरंच माणूस लागणार आहे, हे तुला माहीत आहे का? तो म्हणाला, चाकणच्या एका कारखान्यात नवीन शेड उभी राहिली आहे, मशिनं उतरली आहेत. कुणी सांगितलं? तिथे माल पोहोचवणाऱ्या टेम्पोच्या ड्रायव्हरने. तो पलीकडच्या गल्लीत राहतो.

आता बघा, वशिला नाही म्हणणाऱ्या या मुलाकडे सगळ्यात मोलाची गोष्ट होती : बातमी. अमेरिकेतल्या मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन शहरातल्या नोकरदारांना नोकरी कशी लागली, याचा अभ्यास केला. 1974 साली त्यावर त्यांचं पुस्तक आलं. निम्म्याहून अधिक लोकांना नोकरी ओळखीतून कळली होती. पण त्यातल्या बहुतेकांची ती ओळख जवळची नव्हती, कधीतरी भेटणाऱ्या माणसाची होती. आपले जवळचे लोक आपल्याला ठाऊक असतं तेच सांगतात. दूरची ओळख दुसऱ्या वर्तुळातली बातमी आणते. टेम्पोवाला शिफारस करू शकत नाही, पण नवी लाईन बसते आहे हे त्याला एचआरच्या आधी दिसतं.

नवी मशिनं आली की मोजमाप करणारी माणसं लागणारच. ही गरज पहिल्यांदा क्वालिटीच्या मॅनेजरला जाणवते. तो वर सांगतो, मंजुरी मिळते, मग एचआरकडे कागद जातो आणि सगळ्यात शेवटी जाहिरात निघते. बऱ्याचदा तीही निघत नाही, मध्येच कुणाचा तरी भाचा येतो. म्हणून मेल एचआरला नाही, मालकालाही नाही. ज्याच्या हाताखाली काम करायचं आहे, त्या माणसाला पाठवायचा. पत्ता कसा मिळवायचा? मुलाने कंपनीच्या बोर्ड नंबरवर फोन केला आणि सरळ विचारलं, "क्वालिटी मॅनेजरसाहेबांना एक मेल पाठवायचा आहे, त्यांचं नाव आणि पत्ता मिळेल का?" ऑपरेटरबाईंनी स्पेलिंगसकट सांगितला. दर वेळी असं होत नाही. पण अंदाजाने दहा पत्ते बनवून सगळ्यांवर मेल टाकण्यापेक्षा एक फोन बरा.

मग नवा मेल लिहिला. इंग्रजीत होता, मजकूर साधारण असा :

"विषय : सीएमएम इन्स्पेक्शन – आपल्या नव्या लाईनबद्दल एक प्रश्न.

सर, आपल्या चाकणच्या प्लांटमध्ये नवी मशिनिंग लाईन बसत असल्याचं समजलं. मी डिप्लोमा मेकॅनिकल आहे आणि दीड वर्षापासून भोसरीत शाफ्टचं सीएमएमवर इन्स्पेक्शन करतो. एका शाफ्टचा व्यास सकाळच्या पाळीत वारंवार टॉलरन्सच्या बाहेर जात होता. मी दर अर्ध्या तासाची मापं लिहून ठेवली. मशीन तापेपर्यंतच्या पहिल्या दोन तासांतच तो सरकतो, हे त्यावरून दिसलं. त्यानंतर सकाळचं सेटिंग बदललं आणि ते रिजेक्शन थांबलं.

माझा एकच प्रश्न आहे : येत्या तीन महिन्यांत आपल्याला सीएमएमवर माणूस लागेल का? 'हो', 'नाही' किंवा 'नंतर विचारा' एवढं उत्तरही पुरेसं आहे. एक पानाचा रेझ्युमे जोडला आहे."

खाली नाव आणि मोबाईल नंबर, बस्स. मोबाईलच्या पडद्यावर जवळजवळ एका नजरेत संपतं. यात घरची परिस्थिती नाही, कष्टाळू-प्रामाणिक नाही. सकाळी तापणाऱ्या मशीनची गोष्ट आहे, आणि ती ज्याने शॉपवर दिवस काढले त्यालाच सांगता येते. वाचणाऱ्या मॅनेजरला तोच पुरावा असतो. आणि प्रश्न असा आहे की चहा पिता पिता एका शब्दात उत्तर देता येतं.

मुलाला आणखी एक गोष्ट जोडायची होती : त्या शाफ्टचा खरा इन्स्पेक्शन रिपोर्ट, नकाशासकट. मी हात धरला. तो नकाशा ग्राहकाचा, रिपोर्ट सध्याच्या मालकाचा. जो आज त्यांचे कागद बाहेर पाठवतो, तो उद्या आमचेही पाठवेल, असंच समोरचा म्हणणार. गुणपत्रिका आणि आधारही काढून टाकलं. ते निवड झाल्यावर मागतात, आणि ओळखपत्राची प्रत अनोळखी माणसाला पाठवूही नये. उरली एकच पीडीएफ. तिचं नावही `resume_final_new2.pdf` होतं, ते बदलून त्याचं नाव आणि काम असं ठेवलं, म्हणजे डाऊनलोडच्या ढिगात ती सापडेल.

आता नावाचा प्रश्न. तो आपल्या सगळ्यांच्या मनात असतो, म्हणून टाळत नाही. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा एक अभ्यास 2007 साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला होता. वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या नावांचे अर्ज पाठवले. उच्चवर्णीय हिंदू नावांच्या तुलनेत दलित नावांना आणि मुस्लिम नावांना बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली. तेव्हा हा भेद आपल्या कल्पनेतला नाही. थेट पाठवलेल्या मेलने तो संपतो असं मी म्हणणार नाही. नाव तिथेही वरच दिसतं. फरक इतकाच की शेकडो अर्जांच्या गठ्ठ्यात नावावरून बाजूला काढणं सोपं असतं, आणि इथे नावासोबत कामाची गोष्ट त्याच नजरेत वाचली जाते. ज्याला माणसाची गरज आहे तो निदान त्या गोष्टीपाशी थांबण्याची शक्यता असते. नाव लपवणं किंवा आद्याक्षरात मोडणं मला पटत नाही; मुलाखतीत ते कळणारच आणि मग लपवलं का, हाच विषय होतो.

दोन महिन्यांत त्याने असे अकरा मेल पाठवले. प्रत्येक वेगळा, प्रत्येकाआधी त्या कंपनीची थोडी चौकशी केलेली. सहांचं उत्तर आलं नाही. तिघांनी सरळ 'नाही' कळवलं. एका मोठ्या कंपनीने पोर्टलवर अर्ज करायला सांगितलं. तिथे हा रस्ता फारसा चालत नाही, आणि सरकारी नोकरीत तर मुळीच नाही. चाकणहून आठवडाभर काही आलं नाही. तेव्हा त्याने त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण पाठवली. तिसरी पाठवायची नाही, असं आमचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, तीन शब्दांचं : सप्टेंबरमध्ये परत विचारा.

मुलगा नाराज झाला. मी म्हटलं, अरे, हे 'नाही' नव्हे. तारीख मिळाली आहे तुला. त्याने मोबाईलमध्ये ती लावून ठेवली आणि 1 सप्टेंबरला त्याच मेलखाली लिहिलं, "आपण सप्टेंबरमध्ये विचारायला सांगितलं होतं." त्याला बोलावलं. हातात मायक्रोमीटर आणि समोर नकाशा देऊन तासभर तपासलं. एक प्रश्न चुकला, बाकीचे आले. आज तो तिथे सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर आहे, आणि पुढचं त्याच्या कामावर आहे.

त्या तीन 'नाही'बद्दलही सांगायला हवं. पहिल्या अडतीस मेलनंतर वशिल्याशिवाय काही होत नाही, एवढंच त्याला कळलं होतं. या तीन नकारांतून त्याला तीन कंपन्यांची खरी स्थिती कळली, आणि तीन मॅनेजरांनी त्याला उत्तर देण्यालायक समजलं. मेहरबानी मागणाऱ्याला आपण गप्प बसून टाळतो. नेमका प्रश्न विचारणाऱ्याला नाही म्हणायचं तरी उत्तर द्यावं लागतं.

परवा तो पुन्हा आला होता. त्या टेम्पोवाल्याच्या मुलीने लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आहे, तिला मेल लिहायचा होता. त्याने तिला पहिला प्रश्न विचारला तो मी ऐकला : "तू नक्की काय विचारणार आहेस, ते एका ओळीत सांग."