मुलुंड आणि मालाड एकच? हो, आपल्या पोर्टलवाल्यांनी करून दाखवलंय!

मित्रांनो, आज जरा लांब लिहितोय. पण बातमी तुमच्यापर्यंत पोचते की नाही याचाच हा प्रश्न आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

गेल्या महिन्यात मुलुंड पूर्वेच्या पाण्याची बातमी एका स्थानिक पोर्टलवर लागली. साधं, सरळ शीर्षक होतं: "मुलुंड पूर्वेला दोन दिवस पाणी नाही". मी लिंक कॉपी करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. तिथे दिसली ती %E0%A4%AE%E0%A5%81 अशी सुरुवात होणारी चार-पाच ओळींची भेंडोळी. दोन मिनिटांत एका काकांचा मेसेज आला, "कोणीही उघडू नका, फ्रॉड लिंक आहे." आणि खरंच कोणी उघडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धी बिल्डिंग रिकाम्या बादल्या घेऊन उभी!

काकांना मी दोष देत नाही. आपणच लोकांना सांगतो ना, अनोळखी लिंक उघडू नका म्हणून? मग ओळखू येईल अशी लिंक देणं हे आपलं काम नाही का?

आता हे होतं कसं ते बघा. लिंकमध्ये संकेतस्थळाच्या नावानंतर बातमीचं जे छोटं नाव येतं त्याला स्लग म्हणतात. शब्द आमच्याच धंद्यातला आहे. पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, की प्रत्येक कॉपीला दोन-तीन शब्दांचं कामचलाऊ नाव द्यायचं, म्हणजे डेस्कपासून छपाईपर्यंत ती हरवत नाही. आज तो स्लग कोणी लिहीतच नाही. शीर्षक टाकलं, बटण दाबलं, मशीनने जे दिलं ते गेलं.

मशीन काय देतं? देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि लिंकमध्ये त्या प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात. म्हणजे एका चिन्हाला नऊ. "मुलुंड" मध्ये म, उकार, ल, उकार, अनुस्वार, ड अशी सहा चिन्हं. झाली 54 अक्षरं. ब्राउझरच्या पट्टीत आपल्याला छान मराठी दिसतं, पण कॉपी केलं की बहुतेक वेळा ही भेंडोळीच बाहेर पडते.

बरं, दिसायला वाईट एवढंच असतं तर मी गप्प बसलो असतो. आपल्याकडची बरीच छोटी पोर्टलं वर्डप्रेसवर चालतात. तिथे स्लगला 200 अक्षरांची मर्यादा आहे, आणि ती या भेंडोळीतली अक्षरं मोजते. आपलं शीर्षक घ्या. "मुलुंड-पूर्वेला-दोन-दिवस" इथपर्यंतच 192 अक्षरं झाली. पुढचा हायफन धरून 193, आणि "पाणी"तला नुसता "प" घेतला तरी 202. म्हणून मशीनने तिथेच कात्री लावली. लिंकमध्ये उरलं काय, तर मुलुंड पूर्वेला दोन दिवस. दोन दिवस काय? ऑर्केस्ट्रा? जी बातमी होती, नेमकी तीच कापली गेली.

दुसरा प्रकार त्याहून भारी. पायथॉनच्या जँगोवर साईट बनवणारे slugify नावाचं तयार यंत्र वापरतात. नेहमीच्या पद्धतीत ते देवनागरी पूर्ण उडवतं, स्लग रिकामा. मग कोणीतरी हुशारी करून allow_unicode=True लावतो आणि म्हणतो, झालं, मराठी चालू! पण ते यंत्र काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार यांना अक्षर मानतच नाही, सरळ गाळतं. निकाल बघा:

```
मुलुंड  → मलड
मालाड  → मलड
अंधेरी  → अधर
घाटकोपर → घटकपर
```

सेंट्रलचं मुलुंड आणि वेस्टर्नचं मालाड एक झालं! जे रेल्वेला जमलं नाही ते एका ओळीच्या कोडने केलं. आणि अंधेरी खरोखरच अधर लटकली. साईट बनवणाऱ्याला हे कळत नाही, कारण तो इंग्रजी शीर्षक टाकून तपासतो. तुम्हाला तपासायचं असेल तर वेलांटी-उकार असलेलं शीर्षक टाका, लिंक कॉपी करा आणि कोऱ्या नोटमध्ये पेस्ट करून वाचा. एवढं पुरे.

यावर उपाय म्हणून काही जण अक्षराला अक्षर लावणारं लिप्यंतर बसवतात. तेही फसतं. ते देतं:

```
mulunda-purvela-dona-divasa-pani-nahi
```

"दोना दिवसा" कोण बोलतं हो? मराठीत शब्दाच्या शेवटचा अ आपण लिहितो, पण उच्चारत नाही. हे माणसाला कळतं. म्हणून स्लग माणसाने लिहावा:

```
mulund-purvela-don-divas-pani-nahi
```

34 अक्षरं. काकाही वाचतील. सगळी अक्षरं लहान, कारण बऱ्याच सर्व्हरवर Mulund आणि mulund हे दोन वेगळे पत्ते असतात. एक उघडतो, दुसरा "पान सापडलं नाही" म्हणतो. शब्दांमध्ये हायफन, कारण जागा सोडली की तिचं %20 होतं, आणि अंडरस्कोर लिंकखालच्या रेघेत दिसेनासा होतो.

स्पेलिंग कुठलं? गावाचं नाव स्टेशनच्या पाटीवर आहे तसं: ghatkopar, borivali, vikhroli. इंग्रजी शब्द इंग्रजीसारखाच: bus, station, ward. "bas" आणि "steshan" नको. मराठी शब्द मराठी तोंडाने: ज्ञानेश्वरचा dnyaneshwar, हिंदीवाला gyaneshwar नाही. आणि एकदा pani ठरलं की दुसऱ्या दिवशी paani नको. माझ्या टेबलावर अशा शब्दांची एक वही आहे. शंका आली की वही उघडतो.

आता येतो तो नेहमीचा बाण: "मराठी माणूस असून रोमन लिपीची वकिली करतोस?" मुद्दा खोटा नाही. मराठी विकिपीडियाचे पत्ते देवनागरीत आहेत आणि उत्तम चालतात. गूगलही देवनागरी पत्त्याला नाही म्हणत नाही. रोमनमध्ये काल, काळ आणि कळ तिन्ही kal होतात, हे नुकसान मला मान्य आहे. पण शीर्षक देवनागरीत, बातमी देवनागरीत, शुद्धलेखन चोख, हे सगळं राहतंच आहे. पत्ता म्हणजे लिफाफ्यावरचं नाव. तो पोस्टमनला वाचता आला पाहिजे. मुलुंडचं मलड होऊ द्यायचं, बातमीतलं पाणी कापू द्यायचं आणि वर अस्मिता मिरवायची, ही कुठली भाषासेवा?

पोर्टलवाल्या मित्रांनो, जुने स्लग मात्र एका रात्रीत बदलत बसू नका. लोकांनी फिरवलेल्या लिंक मरतील. बदलायचेच असतील तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर जाणारं 301 आधी लावा. नवीन बातमीला आजपासून हाताने स्लग लिहा. अर्धं मिनिट लागतं.

आणि वाचकहो, तुमच्या भागातल्या पोर्टलची एक लिंक कॉपी करून खाली कमेंटमध्ये टाका. वाचता येते का, ते आपण सगळे मिळून बघू.