एक फोन, दोन हजेऱ्या

२०२० च्या टाळेबंदीत चेंबूरमधील आमचे वर्ग झूमवर भरू लागले आणि हजेरीपटाऐवजी आम्ही प्रवेश-निर्गमनाच्या नोंदी वाचू लागलो. एका विद्यार्थ्याची हजेरी रोज मध्येच तुटे. नेटवर्कमुळे तुटणारी हजेरी अवेळी तुटते आणि बहुधा लगेच जुळते. हा मात्र १०.२० ला बाहेर पडे, त्याच मिनिटाला धाकटी बहीण तिच्या वर्गात येई; ती १०.४० ला निघताच हा परते. याला लबाडी म्हणणे आम्हांस अन्यायाचे वाटते. एकच नाव एकाच वेळी दोन ठिकाणी चालू दिसले, तर लॉगिन वाटून घेतल्याचा संशय रास्त. पण तुटलेली जुनी जोडणीही कधी उशिरा बंद होते. शिवाय नोंद फोनची असते, मुलाची नव्हे. आम्ही घरी विचारले आणि भावंडांचे तास वेगळे केले.