उधारीचे वय

खामगावच्या एखाद्या सरकी पेंड विक्रेत्याचे उदाहरण घेऊ. त्याची चिखलीकडे 2,10,000, मेहकरकडे 38,000 आणि नांदुऱ्याकडे 64,000 रुपयांची उधारी आहे. रकमेनुसार पाहता पहिला फोन चिखलीलाच जाईल. मात्र एक्सेलमध्ये C स्तंभात बिलाची नव्हे, तर पैसे देण्याच्या मुदतीची तारीख भरावी आणि शेजारी लिहावे:

```
=TODAY()-C2
```

आता चिखलीचे 20, मेहकरचे 95 आणि नांदुऱ्याचे 1,040 दिवस दिसतात. चिखलीला आठवण पुरे. मेहकरला नवा माल रोखीनेच द्यावा व समक्ष भेटावे. सर्वांत आधी मात्र नांदुरा गाठावे लागते. मुदत अधिनियम 1963 नुसार ठरलेली उधार मुदत संपल्यापासून तीन वर्षांत दावा दाखल करावा लागतो. येथे जेमतेम 55 दिवस उरले आहेत. तेवढ्यात ग्राहकाने बाकी मान्य असल्याचे लेखी देऊन सही केली, तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षे मिळतात. तोंडी ‘देतो हो’ याला तेथे किंमत नाही, आणि मुदत उलटल्यावर घेतलेली अशी सहीही मुदत वाढवीत नाही. सही नाकारली, तर वकिलाकडे जाण्यास उशीर नको.

हा तक्ता एका ठिकाणी हमखास फसतो. आलेली रक्कम नुसती ‘खात्यावर जमा’ राहिली, तर फिटलेले बिलही म्हातारे दिसते आणि चांगल्या ग्राहकाला उगाच तगादा जातो. म्हणून प्रत्येक जमा कोणत्या बिलापोटी आहे, हे ग्राहकाला विचारून त्याच दिवशी लिहावे.