विश्लेषण : चूक झाली, म्हणजे भरपाई मिळतेच का? ‘निष्काळजीपणा’ कोर्टात कसा सिद्ध होतो?

अपघात झाला, दवाखान्यात काही बिघडले, खड्ड्यात पाय मोडला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, चूक कोणाची? कायद्याच्या दृष्टीने हा चारपैकी फक्त दुसरा प्रश्न आहे. त्याच्या आधी एक आणि नंतर दोन प्रश्न असतात, आणि बहुतेक दावे शेवटच्या दोन प्रश्नांवर अडतात. हे चार प्रश्न समजून घेण्यासाठी परदेशी खटल्यांकडे जाण्याची गरज नाही. तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात घडलेले आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले एक प्रकरण त्यासाठी पुरेसे आहे.

प्रकरण काय होते?

जुलै १९६३. औरंगाबादच्या सरकारी प्रसूती रुग्णालयात एक महिला बाळंतपणासाठी दाखल झाली. १० जुलैला तिला मुलगा झाला. बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घ्यायची हे आधीच ठरले होते. त्यानुसार १३ जुलैला ती झाली. साध्या समजल्या जाणाऱ्या या शस्त्रक्रियेनंतर तिला खूप ताप आला, पोटात असह्य दुखू लागले. १५ जुलैला दुसऱ्या एका शल्यविशारदाने तिला तपासले. पोट पुन्हा उघडून पाहावे, असे त्यांचे मत होते. ते लगेच मानले गेले नाही. १९ जुलैला पोट उघडले तेव्हा आत पहिल्या शस्त्रक्रियेतला टॉवेल राहिलेला सापडला आणि पू साठलेला होता. २४ जुलैला तिचा मृत्यू झाला.

पती आणि मुलांनी नुकसानभरपाईचा दावा लावला. दिवाणी न्यायालयाने ३६,००० रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. २० फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल रद्द करून भरपाई कायम केली. ‘अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने हे प्रकरण कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात.

पहिला प्रश्न : काळजी घेण्याचे कर्तव्य होते का?

अपकृत्य कायद्यात, म्हणजे ज्याला वकील मंडळी ‘टॉर्ट’ म्हणतात त्यात, प्रत्येक जण प्रत्येकाची काळजी घ्यायला बांधील नसतो. आपल्या वागण्याने ज्याला इजा होईल हे आधी दिसू शकते, त्याच्याबाबत हे कर्तव्य येते. लेखी करार असण्याची गरज नसते. डॉक्टरने रुग्णाला हात लावला की कर्तव्य सुरू होते, रुग्णालय मोफत असले तरी.

खोडवा प्रकरणात सरकारच्या बचावाचा एक भाग याच टप्प्यावरचा होता. रुग्णालय चालवणे हे शासनाचे सार्वभौम काम आहे, त्यामुळे भरपाईची जबाबदारी येत नाही, असे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. रुग्णालय चालवणे हे कल्याणकारी काम आहे, पण ते फक्त सरकारच करू शकते असे नाही. खासगी संस्थाही ते करतात. म्हणून कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणासाठी मालक या नात्याने सरकार जबाबदार ठरते.

दुसरा प्रश्न : कर्तव्यात कसूर झाली का?

परिणाम वाईट झाला म्हणजे कसूर झाली असे नाही. त्या जागी त्या कामातला साधारण जाणकार माणूस जेवढी काळजी घेईल, तेवढी घेतली का, एवढेच पाहिले जाते. याच निकालात न्यायालयाने डॉक्टरांच्या बाजूनेही स्पष्ट सांगितले आहे. वैद्यक व्यवसायाला मान्य असलेल्या पद्धतीने, योग्य दक्षतेने उपचार केले आणि तरीही रुग्ण दगावला, तर डॉक्टरला निष्काळजी ठरवणे अवघड आहे. उपचाराच्या दोन मान्य पद्धतींपैकी एक निवडली, तर तो दोष नाही.

पण पोटात टॉवेल विसरणे ही कोणतीच मान्य पद्धत नाही. तो कोणाच्या हातून राहिला, मोजणी कोणी चुकवली, हे रुग्णाच्या नवऱ्याला कसे कळणार? शस्त्रक्रियागृहाचे दार तर त्याच्यासाठी बंद होते. अशा वेळी कायदा ‘रेस इप्सा लोक्विटर’ हे तत्त्व लावतो. अर्थ असा की घटना स्वतःच बोलते. काळजी घेतली असती तर जे घडलेच नसते ते घडले, आणि सूत्रे समोरच्याच्याच हाती होती, तर खुलासा त्यानेच द्यायचा. समाधानकारक खुलासा आला नाही. नेमका कर्मचारी कोण हे दाखवता आले नाही तरी सरकारची जबाबदारी टळत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

तिसरा प्रश्न : त्या कसुरीमुळेच हे घडले का?

खरी लढाई येथे होते. कसूर आणि इजा दोन्ही सिद्ध झाल्या, तरी त्यांना जोडणारी साखळी दाखवावी लागते. तिची सोपी कसोटी अशी : ती कसूर वजा केली, तर इजा तरीही झाली असती का? ‘झाली असती’ असे उत्तर आले, तर दावा पडतो.

या प्रकरणात १३ जुलै आणि २४ जुलैच्या मध्ये दुसरी शस्त्रक्रिया झाली होती. मृत्यू त्या दुसऱ्या शस्त्रक्रियेमुळे झाला असेल तर? सर्वोच्च न्यायालयाचे उत्तर नीट वाचण्यासारखे आहे. क्षणभर तसे मानले, तरी दुसऱ्या शस्त्रक्रियेची वेळ आली ती टॉवेल आत राहिल्यामुळेच. मधली घटना पहिल्या कसुरीतूनच उगवली असेल, तर साखळी तुटत नाही. ती सर्वस्वी वेगळी, अनपेक्षित असेल तरच तुटते.

चौथा प्रश्न : नुकसान झाले का, आणि किती?

निष्काळजीपणाच्या दाव्यात प्रत्यक्ष नुकसान लागते. धोका टळला, कोणाला काही झाले नाही, तर संताप कितीही रास्त असला तरी भरपाई नाही. नुकसान झाले असेल तर ते मोजण्याजोगे मांडावे लागते : खर्च, बुडालेले उत्पन्न, वेदना, कुटुंबाचा हरपलेला आधार.

हाच साचा उस्मानपुऱ्यात लावला तर?

आता एक काल्पनिक घटना घेऊ. समजा, उस्मानपुऱ्यात एका दुकानाचे नूतनीकरण चालू आहे. पाइप टाकण्यासाठी मालकाच्या ठेकेदाराने दुकानासमोरच्या रस्त्याला दोन फूट खोल चर खणला. संध्याकाळी मजूर निघून गेले. कठडा नाही, लाल दिवा नाही. रात्री पाऊस आला, चर पाण्याने भरला, वीज गेली. एक दुचाकीस्वार त्यात आदळला आणि त्याचे मनगट मोडले. दवाखान्याचा खर्च ४८,००० रुपये झाला. रोजचे ७०० रुपये कमावणाऱ्या त्या माणसाचा ३० दिवसांचा रोज बुडाला, म्हणजे २१,००० रुपये. एकूण ६९,०००.

कर्तव्य आहे का? रस्ता वाहता आहे, तेथून कोणीतरी जाणारच हे खणणाऱ्याला दिसत होते. म्हणून आहे. मालक म्हणेल, काम ठेकेदाराचे होते. एरवी स्वतंत्र ठेकेदाराच्या चुकीला मालक जबाबदार नसतो, पण सार्वजनिक रस्त्यावर धोका उभा करणाऱ्या कामात ही ढाल सहसा चालत नाही. कसूर आहे का? चार बांबू, एक दोरी आणि एक दिवा यांचा खर्च किरकोळ, धोका मोठा. त्यामुळे येथे उत्तर सोपे आहे.

कारणसंबंधाकडे मात्र थांबून पाहावे लागेल. कठडा असता तर तो पडला नसता, असे दिसते. पण दुचाकीचा ब्रेक चराच्या बराच आधी निकामी झाला होता आणि गाडी कठडा तोडूनही आत गेली असती असे निघाले, तर साखळी तुटेल. आणखी एक शक्यता पाहा. डॉक्टरांनी सांगूनही त्याने मनगटाचे व्यायाम केले नाहीत आणि हात कायमचा आखडला. मग हाड मोडण्याची भरपाई मिळेल, पण आखडण्याची मागणी कमकुवत होईल, कारण तो भाग त्याला टाळता आला असता.

शेवटी मोजणी. तो अंधारात, पावसात नको तेवढ्या वेगाने जात होता आणि न्यायालयाने त्याचा वाटा २५ टक्के धरला, तर ६९,००० मधून १७,२५० वजा होऊन ५१,७५० रुपये उरतील. वेदनेची भरपाई वेगळी ठरली, तर तिलाही हीच कपात लागेल. स्वतःची थोडी चूक असली की हक्कच संपतो, हा समज चुकीचा आहे. हक्क राहतो, रक्कम कमी होते.

मग अडते कुठे?

अडते पुराव्यात. चर दुसऱ्या दिवशी बुजवला जातो. कठडा नव्हता हे नंतर कोण सांगणार? म्हणून त्याच रात्रीचा फोटो, जवळच्या दुकानदाराची साक्ष आणि दवाखान्याच्या पहिल्या कागदावर ‘चरात पडून’ अशी नोंद, या तीन गोष्टी पुढच्या दहा अर्जांपेक्षा मोलाच्या असतात. फोटो दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, दवाखान्याची नोंद तिसऱ्याचे. नुसती बिले फक्त चौथ्याचे उत्तर देतात, आणि बहुतेक लोक जपून ठेवतात ती बिलेच.

न्यायालयांकडूनही एक अपेक्षा ठेवायला हवी. माहिती जेथे पूर्णपणे समोरच्याच्या हाती असते, तेथे ‘घटना स्वतःच बोलते’ हे तत्त्व खालच्या पायरीवरच, वेळेत वापरले गेले पाहिजे. औरंगाबादच्या त्या कुटुंबाच्या बाजूने दिवाणी न्यायालयाने निकाल दिला होता, तरी तो कायम व्हायला मृत्यूनंतर ३२ वर्षांहून अधिक काळ गेला. मंजूर झालेले ३६,००० रुपये १९९६ मध्येही ३६,०००च होते. त्या रकमेची किंमत मात्र दरम्यान कितीतरी घसरली होती. निष्काळजीपणाचा कायदा नुकसान भरून काढण्यासाठी आहे, आणि एवढ्या उशिराने ते भरून निघत नाही.